विषय: ऑर्डर ५७ पीडीची, काचा ६३ च्या, आणि वर 'सवय होईल'

व्यवस्थापक, ग्राहक सेवा,

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच फोन ठेवताना विचारलं, "आणखी काही मदत करू का?" आणखी? आधी कुठली केली होती?

माझा दोन्ही डोळ्यांचा नंबर -६.००, पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ५७ मिमी. दोन्ही आकडे तुमच्याच पावतीवर छापलेले आहेत. आलेल्या चष्म्यातून एक डोळा झाकला की स्वच्छ दिसतं, दोन्ही उघडे ठेवले की कपाळ ठणकतं. चष्मेवाल्याने मशीनवर दोन्ही काचांच्या ऑप्टिकल सेंटरवर शाईचे ठिपके दिले आणि पट्टी लावली. अंतर ६३! म्हणजे प्रत्येक काचेचं केंद्र बाहुलीपासून ३ मिमी बाहेर. सेंटीमीटरमध्ये ०.३ गुणिले ६, म्हणजे काच प्रकाश बाजूला वळवते तो प्रिझम एका डोळ्याला १.८, दोन्ही मिळून ३.६. मायनस नंबरात केंद्रं अशी बाहेर गेली की डोळ्यांना सतत बाहेरच्या बाजूला ताण द्यावा लागतो, आणि ते डोळ्यांना फारसं जमत नाही. चष्मे विकणाऱ्यांना हे मी शिकवायचं?

आता तो संवाद. "मॅडम, आम्ही पॉवर चेक केली, पॉवर बरोबर आहे." मी म्हटलं, पॉवरबद्दल तक्रारच नाही, पीडी चुकली आहे. "हो मॅडम, पण पॉवर बरोबर आहे." मी पावतीवरचा आकडा वाचून दाखवला. मग बराच वेळ संगीत. परत आल्यावर, "मॅडम, नवीन चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो. जरा नाकावर खाली घेऊन बघा." वा! खाली घेतल्याने केंद्रं जवळ येतात, हा शोध तुमच्याच लॅबने लावला असावा. उलट काच डोळ्यापासून लांब गेली की मायनस नंबर कमी पडतो, म्हणजे डोकेदुखीवर लांबचं धूसर दिसणं फुकट.

आणि परत घेण्याचं काय? "काचा तुमच्या नंबरप्रमाणे बनवल्यात, परत घेत नाही. फ्रेम आवडली नसेल तर क्रेडिट देतो." फ्रेम आवडली नाही असं मी कधी म्हटलं? काचा माझ्यासाठी बनवल्या म्हणता, तर माझी पीडी कुठे गेली? पावतीवर ५७, काचेत ६३.

फ्रेमचं निघालंच आहे तर ऐका. दांडीवर ५४-१८ लिहिलंय, काचेची रुंदी ५४ आणि नाकावरचा पूल १८, म्हणजे फ्रेमची केंद्रं ७२ मिमीवर. ५७ पीडीला प्रत्येक काच साडेसात मिमी आत घ्यावी लागणार आणि बाहेरची कड जाड होणार. तरी तुमच्या साइटने माझ्या फोटोवर ही फ्रेम चढवून 'अगदी योग्य माप' असा हिरवा शिक्का मारला. कशाचं माप?

मला क्रेडिट नको. सगळे पैसे परत करा आणि चष्मा तुमच्या खर्चाने घेऊन जा. लेखी उत्तर आलं नाही तर पावती, ठिपके दिलेल्या काचांचा फोटो आणि कॉलची नोंद घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाणार. आणि उत्तर देणाऱ्याला पीडी म्हणजे काय ते आधी माहीत असू द्या.