पेटी आमची, पैसे भलत्याच्या खात्यात

मा. संपादक,

आमची देवगडला हापूसची बाग आहे. चार वर्षांपासून आम्ही दलाल टाळून थेट घरपोच पेट्या पाठवतो आणि मागणी बहुतेक समाजमाध्यमावरूनच येते. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला ठाण्याच्या एका ताईंचा फोन आला, "दादा, आगाऊ पैसे भरून आठ दिवस झाले, पेटी कुठाय?" आमच्या वहीत त्यांचं नावच नव्हतं.

आमच्या नावात एक आडवी रेघ वाढवून कुणीतरी हुबेहूब खातं उघडलं होतं. फोटो आमच्याच बागेतले, माझे वडील आढीत आंबे लावतानाचा फोटोसुद्धा. आमच्या पोस्टखाली कुणी "भाव काय?" विचारलं की तिकडून लगेच त्याला मेसेज जायचा. हे आम्हाला दिसलं नाही, कारण त्याने आम्हाला आधीच ब्लॉक केलं होतं. शेवटी मुलीच्या फोनवरून शोधलं तेव्हा सापडलं. म्हणून थेट विक्री करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून आपलं नाव शोधा. खात्याच्या माहितीत ते कधी उघडलं तेही पाहा. आमचं चार वर्षांचं, त्याचं तीन आठवड्यांचं होतं.

मी सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन केला, पण पैसे माझे गेले नव्हते. पैसे अडवायचे तर व्यवहार क्रमांक आणि बँकेचा तपशील लागतो, आणि तो ताईंकडे होता. मग त्यांनाच फोन करायला लावला. मात्र आठ दिवस उलटले होते, पैसे पुढे निघून गेले होते. पहिल्या काही तासांत कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात. ताईंना आम्ही आमच्याकडून एक पेटी पाठवली. आमच्याच नावावर विश्वास ठेवून त्या फसल्या होत्या.

ॲपकडे केलेल्या तक्रारीवर पहिलं उत्तर आलं, "नियमभंग आढळला नाही." छोट्या बागायतदाराने इथेच थांबू नये. ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर तक्रारीला नोंदणी क्रमांक जोडता येतो. ताज्या फळांसाठी वर्ग ३१ आहे आणि व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये. आम्ही अर्ज आत्ता केला, नाव चालू लागलं त्याच वर्षी करायला हवा होता. हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन फळाचं नाव जपतं, माझ्या बागेचं नाही.

आता प्रत्येक पेटीवर आणि खात्यावर एकच ओळ छापतो: पैसे भरताना पडद्यावर आमच्या वडिलांचं बँकेतलं पूर्ण नाव दिसलं नाही, तर पुढे जाऊ नका. खात्याचं नाव आणि फोटो चोरता येतात, यूपीआयवर बँकेकडून येणारं नाव असं बदलता येत नाही. त्यानंतर दोन गिऱ्हाइकांनी पैसे भरायच्या आधीच आम्हाला फोन केला.

— एक आंबा बागायतदार, देवगड