ओवीचा छत्रीचा नाच

प्रिय दादा आणि वहिनी,

नमस्कार. फोनवर बोलणं झालंच आहे, पण दोन गोष्टी निवांत लिहाव्यात असं दोन दिवस मनात घोळत होतं, म्हणून हे पत्र.

ओवीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाचाचा फोटो आला तेव्हा मी शाळेत कामावर होते. मधल्या सुट्टीत घाईघाईत बघितला आणि लिहून टाकलं, 'किती गोड! एकदम हिरॉईन!' वहिनी, तुम्ही नुसते हात जोडलेत. तेव्हा काही वाटलं नाही. रात्री फोटो मोठा करून पाहिला आणि फार चुटपुट लागली. मी लिहिलं होतं ते त्या फोटोतल्या बाराही मुलींना चाललं असतं. त्यात ओवी कुठे होती?

मोठा केल्यावर काय दिसलं ते सांगते. ओवी तिसऱ्या रांगेत उभी आहे आणि छत्री उजव्या हातात आहे. अंगठा बटणावर इतका घट्ट दाबलेला आहे की नखाचं टोक पांढरं पडलंय. बाकी बऱ्याच जणी कॅमेऱ्याकडे बघताहेत. ओवीची नजर मात्र पुढच्या मुलीच्या छत्रीवर खिळलेली. आणि मग एकदम आठवलं, अगं, ही तर डावरी आहे! व्हिडिओ कॉलवर मला चित्र काढून दाखवते ते डाव्या हातानंच.

म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला. तेव्हा कळलं, की छत्र्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून सगळ्यांनी उजव्या हातात धरायच्या, असं बाईंनी ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात ओवीची छत्री दर वेळी एक ठोका उशिरा उघडायची. मग तीन आठवडे रोज संध्याकाळी दिवाणखान्यात 'एक, दोन, तीन, उघड' चालायचं. एकदा बोट चिमटलं, रडू आलं, दोन दिवस छत्रीला हातसुद्धा लावला नाही, आणि तिसऱ्या दिवशी आपणच ती कपाटातून काढली. हे ऐकल्यावर मी नव्यानं लिहिलं:

'ओवी, तू तर डावरी आहेस ना? मग उजव्या हातानं छत्री उघडायला किती दिवस सराव केलास? फोटोत तुझं लक्ष पुढच्या छत्रीवर आहे, ठोका चुकू नये म्हणून, हो ना?'

वहिनी, त्यानंतर तुमचा फोन आला तेव्हा तुमचा आवाज भरून आला होता. 'ते तीन आठवडे कुणाला दिसतील असं वाटलं नव्हतं,' असं म्हणालात. ते वाक्य अजून कानात आहे. आईबाप फोटो पाठवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ती चिमटलेली बोटं असतात, आणि आपल्याला मात्र फक्त फ्रॉक दिसतो.

इथल्या शाळेत मी मदतनीस म्हणून लागले तेव्हा आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सगळ्यांना आधी जमतील अशी कोडी दिली. मग काहींना सांगितलं, 'तू हुशार आहेस', काहींना सांगितलं, 'तू खूप मेहनत केलेली दिसते'. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळ्यांचंच बिनसलं. शेवटी पुन्हा पहिल्यासारखीच कोडी आली, तेव्हा 'हुशार' म्हटलेल्या मुलांना आधीपेक्षाही कमी जमली आणि 'मेहनत' ऐकलेल्यांना जास्त. कारण समजण्यासारखं आहे. हुशार म्हणून कौतुक झालेल्या मुलाला कोडं सुटलं नाही, की आपण हुशार नाहीच असं वाटायला लागतं. मेहनत ही मात्र पुन्हा करता येते.

'हिरॉईन'चंही तसंच. नेदरलँड्समध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलांच्या चित्रांचं कौतुक करून पाहिलं होतं, तो अभ्यास २०१४ साली आला. काहींना साधं 'छान' म्हटलं, काहींना 'अफलातून'. ज्या मुलांना स्वतःविषयी आधीच फारसा भरवसा नव्हता, ती 'अफलातून' ऐकल्यावर पुढचं अवघड चित्र घ्यायला कचरली. एवढं मोठं नाव मिळाल्यावर ते टिकवायचं ओझं येतं. ओवी तशी बुजरी आहे, म्हणून मला माझी ती पहिली ओळ जास्तच लागली.

दादा, आता तू म्हणालास त्याविषयी. 'दुसऱ्या कडव्यात थोडी गडबड झाली, छत्री मिटलीच नाही, तेवढं सांभाळून बोल.' मी आधी लिहिणार होते, 'असू दे, मेहनत तर केलीस ना!' आणि हात थांबला. आमच्या वर्गात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय आणि मुलांचे चेहरे उतरताना पाहिलेत. त्यांना बरोबर कळतं, की जमलं नाही म्हणून आपल्याला हे दिलं जातंय. मेहनतीचं कौतुक सांत्वन म्हणून वापरलं की त्याची चव जाते. शिवाय छत्री मिटली नाही, ही गोष्ट तिनंही पाहिली आहेच, आपण ती झाकून काय उपयोग?

त्यापेक्षा त्या क्षणी तिनं काय केलं ते तुला विचारलं. तू सांगितलंस, की ती थांबली नाही, रडली नाही. अर्धवट उघडी छत्री तिनं खाली, अंगाजवळ घेतली, शेजारणीला तार लागू नये म्हणून, आणि पावलं तशीच चालू ठेवली. दादा, आठ वर्षांच्या मुलीला भर स्टेजवर हे सुचलं! मग तेच तिला फोनवर म्हटलं, 'छत्री अडकली तेव्हा तू ती जवळ घेतलीस म्हणून शेजारणीला लागली नाही. हे कसं सुचलं?' ती क्षणभर गप्प, आणि मग दहा मिनिटं अखंड बोलत होती. बटणाची स्प्रिंग सैल झाली होती, हे तिला आदल्या दिवशीच कळलं होतं म्हणे, पण बाईंना सांगायची भीती वाटली. पुढच्या वेळी सांगेन, असं आपणहून म्हणाली. मी तोंडातून ब्रसुद्धा काढला नव्हता.

एक विनंती, रागावू नका. तो फोटो नातेवाइकांच्या सगळ्या गटांत फिरतोय आणि खाली कुणी कुणी 'आपली ओवीच सगळ्यात भारी' असं लिहितंय. प्रेमानं लिहितात, पण पुढच्या रांगेतल्या मुलींच्या आयाही ते वाचतात, आणि 'धाकट्याला मात्र नाच जमत नाही' हे वाक्य तर धाकट्याच्या कानावर पडलंच आहे. ओवीविषयी बोलताना तिच्या आधीच्या महिन्याशी तुलना करा, एक ठोका उशिरा उघडणारी छत्री आणि वेळेवर उघडलेली छत्री. दुसरं मूल मध्ये आणू नका.

वहिनी, तुमच्या कष्टांचं कौतुक मी मुद्दाम ओवीसमोर केलं नाही. नाहीतर तिला वाटलं असतं, की नाच आईचाच होता. ते इथे लिहिते: रोज कामावरून दमून आल्यावर तीन आठवडे ठोके मोजणं सोपं नाही.

सोबत ओवीसाठी वेगळी चिठ्ठी आहे, तिलाच उघडू द्या. त्यात एकच प्रश्न विचारलाय: आता उजव्या हातानं आणखी काय काय जमायला लागलंय?

तुमची,
माधुरी