अर्धवट राहिलेले वाक्य

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्याकडे बारा दिवस राहून परत आल्यावर हे पत्र लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. तुमच्या संसारात डोकावण्याची मला हौस नाही, परंतु एका रात्रीचा प्रसंग मनातून जात नाही. कपड्यांच्या घड्या करता करता सूनबाई तुला तिच्या कार्यालयातले काही सांगत होती. तू वाकून सोफ्याखाली हरवलेला खोडरबर शोधत होतास आणि मधूनमधून ‘हं’ म्हणत होतास. दोन-तीन वाक्यांनंतर ती थांबली. तिचे वाक्य पुरे झाले नव्हते. खोडरबर सापडल्यावर तू विचारलेस, ‘‘उद्याचा गणवेश इस्त्री झाला का?’’ ती ‘‘झाला’’ म्हणाली आणि विषय संपला.

त्यानंतर मी तुमच्या संध्याकाळींकडे जरा लक्षपूर्वक पाहू लागले. तुम्ही दोघे साडेसहाला घरी येता. जेवण आठला आटोपते आणि त्यानंतर थोरल्याचे दप्तर उघडते. तो तेव्हा इतका दमलेला असतो की अर्ध्या तासाच्या लिखाणाला सव्वा तास लागतो, त्यात एकदा रडारड होते आणि स्वयंपाकघरातून दुसऱ्याच्या सूचना चालू असतात. तो झोपी जातो तेव्हा सव्वादहा वाजलेले असतात. मग ओटा, बाटल्या, दुसऱ्या दिवसाची तयारी. अकराच्या सुमारास तुम्ही एकमेकांशेजारी बसता, पण दोघांच्याही हातात मोबाईल असतो. अंगात बोलण्याचे त्राणच उरलेले नसते, म्हणून मी त्याबद्दल तुम्हांला दोष देत नाही.

वेळ शोधायचा तर तो अकरानंतर सापडणार नाही. तो आठच्या आधी आहे. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, म्हणून गृहपाठाविषयी अधिकाराने सांगते. इयत्तेमागे दहा मिनिटे, म्हणजे चौथीच्या मुलाला चाळीस मिनिटे, हा ठोकताळा पुष्कळ शिक्षक मानतात, आणि गृहपाठावर वर्षानुवर्षे अभ्यास केलेले अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांनीही तो योग्य ठरवला आहे. तेव्हा तुम्ही घरी आल्यावर थोरल्याने काहीतरी खाल्ले की लगेच, पावणेसातला, त्याला बसवा. सुरुवातीची पाच-सात मिनिटे एकाने शेजारी बसावे, काय करायचे ते त्याच्याकडूनच वदवून घ्यावे आणि मग उठावे. दुसऱ्याने त्यात अजिबात पडू नये. चाळीस मिनिटांनी वही मिटायची. काही राहिले तर तसे वहीत लिहून तुम्ही सही करा. अपुरा गृहपाठ पाहून शिक्षकाला मुलाची खरी अडचण कळते. आईवडिलांनी रेटून पूर्ण करून घेतलेल्या गृहपाठातून ती कधीच कळत नाही. दप्तर त्याच वेळी, जेवणाआधी, त्याने स्वतः भरावे. खोडरबर हरवला असेल तर तेही सव्वादहाऐवजी साडेसातला समजेल.

दुसरी गोष्ट झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. थोरला सव्वासहाला उठतो, म्हणजे त्याला जेमतेम आठ तास मिळतात, आणि संध्याकाळच्या त्याच्या चिडचिडीचे बरेचसे मूळ तिथे आहे. त्याने नऊला झोपलेले असायला हवे. मात्र उद्यापासून एकदम नऊला दिवा मालवू नकोस; त्याला झोप येणार नाही आणि तो तासभर पाणी मागायला उठत राहील. तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे, अशा बेताने वेळ मागे आणा. साधारण तीन आठवड्यांत ती बसेल. धाकटीला थोपटताना तू स्वतःच झोपी जातोस, हे मी चार वेळा पाहिले. म्हणून पडून थोपटण्याऐवजी शेजारी बसून थोपट, आणि ते काम एक दिवसाआड वाटून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. मुले झोपली की आधी दोघे बसा, ओटा नंतर. हे तुला उलटे वाटेल आणि सूनबाईला तर पसारा तसाच ठेवून बसणे जड जाईल. परंतु कामे आधी उरकू म्हटले की ती कधी उरकत नाहीत. एक संपले की दुसरे दिसते. साडेनऊपर्यंत अर्धा तास बसल्यानंतर तीच कामे दोघांनी मिळून वीस-पंचवीस मिनिटांत होतात. त्या अर्ध्या तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि शाळेची फी, डॉक्टरांची वेळ, गाडीची दुरुस्ती यांपैकी काही काढू नका. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी दिनदर्शिका समोर घेऊन पंधरा मिनिटे वेगळी ठेवा, नाहीतर तो अर्धा तास पाहता पाहता बैठक होऊन बसेल.

पहिले काही दिवस तुम्हांला बोलायला काही सुचणार नाही. त्या शांततेला घाबरून उठू नका. आदल्या दिवशी अपुरी राहिलेली गोष्ट कोणीतरी ‘‘काल मी सांगत होते ना’’ असे म्हणून पुढे सुरू केली, की घडी बसू लागली असे समज. परीक्षेच्या आठवड्यात, आजारपणात हे मोडणारच. तेव्हा सकाळी मुले उठण्यापूर्वीची दहा मिनिटेही चालतील.

एक गोष्ट तुझी आई म्हणून मीच तुला बोलले पाहिजे. ‘‘मी तिला घरात मदत करतो,’’ असे तू मला दोनदा म्हणालास. मदत म्हणजे काम तिचे आणि हातभार तुझा. गणवेश कधीकधी तू इस्त्री करतोस, पण तो धुवायचा आहे, बटण तुटले आहे, तोकडा झाला आहे, हे सगळे लक्षात तिनेच ठेवायचे. त्यापेक्षा शाळेची सगळी बाजू, म्हणजे गणवेश, वह्या, सूचना, पालकसभा, आठवणीसकट तू घे. जोपर्यंत तिच्या डोक्यात ही यादी चालू आहे, तोपर्यंत ती तुझ्याजवळ बसली तरी तिथे नसेल.

हे मी अनुभवाने लिहिते. तू पाचवीत असताना मला बढती मिळत होती, पण त्यासाठी दुसऱ्या गावी बदली स्वीकारावी लागणार होती. मी महिनाभर विचार केला आणि नकार कळवला. तुझ्या बाबांना हे वर्षभराने एका समारंभात माझ्या सहकाऱ्याकडून कळले. घरी आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘‘मला का सांगितले नाहीस?’’ मी दोनदा सांगायला सुरुवात केली होती. एकदा तुझा निबंध राहिला होता, एकदा तुला ताप होता. आमच्यात भांडण नव्हते, दुरावाही नव्हता. केवळ रोजची संध्याकाळ संपून जात होती. कदाचित आम्ही मिळून विचार केला असता तरी मी नकारच दिला असता. पण तो निर्णय मी एकटीने घेतला, याचे त्यांना आजही वाईट वाटते आणि मलाही.

त्या रात्री सूनबाई काय सांगत होती, ते मला ठाऊक नाही आणि मी तिला विचारलेही नाही. ते तू विचार. खोडरबर शोधत असताना तू नीट ऐकले नव्हतेस, हे आधी सांग, आणि मग तिला पहिल्यापासून सांगू दे.

मुलांना गोड पापा. सूनबाईस आशीर्वाद.

तुझी,
आई