भिंतीमागच्या पाण्याचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उताराच्या भूखंडावर घर बांधण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात धारक भिंतीच्या जाडीची चर्चा सविस्तर होती, परंतु भिंतीमागे साठणाऱ्या पाण्याचा विषय एका ओळीत उरकला गेला, म्हणून हे पत्र.

तीन मीटर उंचीची भिंत घेऊ. तिच्यामागे कोरडा, वाळूमिश्रित मुरूम भरलेला असेल आणि वरची जमीन सपाट असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे 2.7 टन आडवा रेटा येतो. याच भरावात निचऱ्याअभावी माथ्यापर्यंत पाणी तुंबले, तर रेटा सहा टनांच्या आसपास जातो आणि त्यातले साडेचार टन एकट्या पाण्याचे असतात. म्हणूनच पायाखोदाईत निघालेली चिकणमाती भिंतीमागे लोटायची आणि दर्शनी बाजूला चार नळ्यांची तोंडे ठेवायची, ही सर्रास दिसणारी पद्धत फसवी आहे, कारण माती त्या नळ्या बुजवून टाकते. भिंतीला लागून किमान 30 सेंटीमीटर रुंदीचा स्वच्छ खडीचा उभा थर हवा, खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणीचे कापड हवे, तळाशी उताराने टाकलेला सच्छिद्र पाइप हवा आणि त्याचे दुसरे टोक उघड्यावर, तपासता येईल असे निघायला हवे. भिंतीच्या वर, डोंगराच्या अंगाला, पाणी अडवून बाजूला काढणारा चर खोदला तर निम्मे काम आधीच होते.

एका उंच भिंतीऐवजी टप्पे पाडावेत, हा लेखातला सल्ला योग्य आहे, कारण रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो आणि दीड मीटरच्या भिंतीवर तो तीन मीटरच्या भिंतीच्या चौथाई असतो. मात्र वरच्या टप्प्याचा भार खालच्या भिंतीवर येऊ नये, यासाठी दोन भिंतींमध्ये खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवावे, असा ठोकताळा आहे. दीड मीटर चढायला तीन मीटर जागा म्हणजे जेमतेम 27 अंशांचा उतार झाला. 45 अंशांच्या उतारावर हे अंतर दीडच मीटर उरते, तेव्हा दिसायला दोन भिंती असल्या तरी हिशेबात त्या जवळजवळ एकच उंच भिंत ठरतात, आणि मग संपूर्ण उताराचे स्थैर्य भूतंत्र अभियंत्याकडून तपासून घेण्यावाचून गत्यंतर नसते. घराचा पाया मात्र शक्यतो भरावावर न घेता कापलेल्या, मूळ जमिनीवरच घ्यावा.

बांधलेल्या भिंतीची परीक्षा जोरदार पावसात होते. निचऱ्याच्या नळ्या कोरड्या, पण सांध्यांतून ओल झिरपते आहे, किंवा वरच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग पडली आहे, असे दिसल्यास गिलावा करून ती झाकू नये. आधी वरून येणारे पाणी वळवावे, भिंतीखालच्या भागातला वावर थांबवावा आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता