चाळीस वर्षं, चोवीस फोटो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीला आले होते तेव्हा हिरव्या ट्रंकेतले तिन्ही अल्बम न विचारता घेऊन आले, ते आधी कबूल करते. बाबांना ते ट्रंकेत दिसले नसतील तर आईवर चिडू नका, तिला काही माहीत नव्हतं. सगळे फोटो सुखरूप आहेत, कोरड्या खोलीत आडवे ठेवलेत, आणि मे महिन्यात येताना परत आणते.

आता खरी गोष्ट. तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाल्याच्या कार्यक्रमात बाबांची इच्छा दोनशे बारा फोटो दाखवायची आहे. मी चोवीस घेतलेत. राग येईल, पण हिशेब ऐका. एका फोटोला नुसते आठ सेकंद दिले तरी दोनशे बारा फोटोंना अठ्ठावीस मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगेतले लोक जेवणाच्या पानांकडे बघायला लागतील, आणि तुमच्या फोटोंकडे पाठ फिरलेली मला बघवणार नाही. चोवीसातल्या पाच फोटोंवर मी बोलणार, प्रत्येकी चाळीस सेकंद. उरलेले एकोणीस आठ-आठ सेकंदांनी गप्प जातील. सगळं मिळून सहा मिनिटं. राहिलेल्या फोटोंचं मोठं पुस्तक छापून घेतलंय. जेवण झालं की बाबांनी ते मांडीवर घेऊन हवं तितका वेळ, हवं त्याला दाखवावं.

सावकाश वाचलं की मिनिटाला शंभरेक शब्द होतात. चाळीस सेकंदांत पासष्ट बसतील, पण मी पन्नासच लिहिलेत, कारण निपाणीची मंडळी फोटो बघताच ‘अगो, ही कोण?’ म्हणून बोलणार, आणि त्यांना तेवढी जागा द्यायलाच हवी. म्हणून फोटो आपोआप पुढे सरकायला लावलेले नाहीत. दादा बटण दाबेल. भाषणाचा कागद मोठ्या अक्षरांत छापलाय, जिथे फोटो बदलायचा तिथे समासात आकडा आहे. वेळ लावून ठेवली आणि लोक एकदा हसले, की पुढचं प्रत्येक वाक्य चुकीच्या फोटोवर पडतं.

फोटोत दिसतंय तेच पुन्हा बोलायचं नाही, एवढा एक नियम मी पाळलाय. अंतरपाटाच्या फोटोवर ‘हे आई-बाबांचं लग्न, १९८६, खानापूर’ असं म्हणण्यात काय आहे, ते लोकांना दिसतंच. त्यावर मी असं लिहिलंय: ‘या पाटाखाली बाबांच्या एकाच पायात मोजा आहे. दुसरा वऱ्हाडाच्या गाडीत राहिला. आईला हे तिसऱ्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर या घरात मोजे जोडीनं गुंडाळून ठेवतात.’ एवढं बोलून मी थांबणार. आई, हे बोललेलं चालेल ना? नको असेल तर निःसंकोच सांग, दुसरं लिहिते.

त्या फोटोवर एक काम अडलंय ते तुझंच. त्या काळातल्या रंगीत फोटोंमधला निळसर रंग अल्बम बंद असला तरी हळूहळू उडतो, म्हणून सगळं तांबूस दिसतं. फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला आणि बाबांचं धोतर पांढरं दिसेपर्यंत तांबडा कमी करत नेला. चेहरे छान आले. पण शालू आता कधी मोरपंखी दिसतो, कधी गर्द हिरवा. खरा कोणता ते तुझ्याशिवाय कोण सांगणार? ट्रंकेच्या तळाशी शालू असेल तर दिवसाउजेडी खिडकीपाशी त्याचा फोटो काढून पाठव. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, नाहीतर तो बारीक करून पाठवला जातो आणि पडद्यावर फुटतो. शेजारच्या अक्कांची मुलगी करून देईल.

बाबा, देवघराशेजारच्या फ्रेममधला आजीचा फोटो काचेतून सोडवायला जाऊ नका. हात जोडून सांगते. आपल्याकडच्या पावसाळ्यात फोटोवरचा चिकट थर ओल धरून फुगतो आणि काचेला धरतो. ओढलात तर चेहराच काचेवर राहील. मी येऊन दिवे बंद करून, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, थोडं तिरकं उभं राहून काचेवरूनच टिपते आणि मग कॉम्प्युटरवर सरळ करते.

धाकट्या काकांचा फोटो घेतलाय. खूप विचार केला, आई. शेवटी ठेवला असता तर सगळे डोळे पुसतच जेवायला उठले असते, आणि वगळला असता तर तू काही बोलली नसतीस, पण रात्री झोपली नसतीस. म्हणून तो बारावा आहे, मधोमध, राजहंसगडावरच्या घोळक्यात, जिथे ते तुझ्याच खांद्यावर हात टाकून उभे आहेत. नाव एकदा घेते, पाच सेकंद गप्प राहते, आणि लगेच पुढचा फोटो आम्हा दोघा भावंडांचा, तुझ्या परातीत बसून कणीक माखलेला. एकाही फोटोत मी कुडचीच्या गोष्टीकडे वळलेली नाही, निश्चिंत राहा.

निम्मे पाहुणे कन्नड बोलणारे आहेत, त्यांना सहा मिनिटं नुसतं बसवून ठेवणं बरं नाही. सुरुवातीला ‘एल्लरिगू नमस्कार’ म्हणते आणि ‘नम्म अप्पा-अम्मा मदुवे आगि नलवत्तु वर्ष आयितु’ एवढं सांगते. बाबांनी फोनवर ते एकदा ऐकून उच्चार दुरुस्त करून द्यावेत. फोटोंखाली ओळी लिहिल्या नाहीत, फक्त गावाचं नाव आणि साल, दोन्ही लिप्यांत. त्याहून जास्त लिहिलं की लोक वाचत बसतात आणि चेहरे निसटतात.

आता तुमच्या बसण्याचं. मंडपवाल्यांनी तुमच्या खुर्च्या स्टेजवर मांडल्यात, म्हणजे पडदा तुमच्या पाठीमागे. सगळ्या गावाला फोटो दिसणार आणि तुम्ही दोघं मान वळवून वळवून दमणार. म्हणून त्या सहा मिनिटांसाठी पहिल्या रांगेत, पडद्यापासून बारा फुटांवर, हातांच्या दोन खुर्च्या ठेवल्यात. आईच्या खुर्चीत तिची उशी असेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला पांढरा लखलखाट सोसत नाही, म्हणून फोटोंमागचा रंग काळा ठेवलाय. मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो आणि मंडपाच्या कापडातून आत येतो, त्यात प्रोजेक्टर फिका पडतो, म्हणून साडेसातला सुरू करू. बाबांची आठची गोळी चुकणार नाही. दिवे मालवल्यावर मात्र बाबांनी कोणाच्याही स्वागताला उठायचं नाही, खाली वायरी असतील आणि गुडघा तसाच आहे. कुंद्याची वाटीही जेवणानंतरच, आणि अर्धीच.

चोविसावी जागा मी रिकामी ठेवलीय. त्या दिवशी सकाळी आठ वाजता, ऊन तिरकं असताना, ओट्यावर तुमच्या दोघांचा फोटो काढीन. लग्नानंतरच्या पहिल्या फोटोत उभे होतात तसेच, आई उजवीकडे. आईने इरकल नेसावं, पदर तोच तसा. बाबांनी केस आदल्या दिवशी कापू नयेत, चार दिवस आधी कापावेत, नाहीतर कानामागची पांढरी रेघ दिसते.

तुमची,
चिमी