दारिकवर राजा, कार्षापणावर शिक्के

संपादक महोदय,
इराणचं हखामनी साम्राज्य आणि आपले मौर्य, दोघांची तुलना करताना शाळेत नुसती 'रस्ते, नाणी, अधिकारी' अशी यादी पाठ करून घेतात, पण खरी गंमत तपशिलात आहे. इराणातलं सुसा ते आजच्या तुर्कस्तानातलं सार्डिस हा हखामनींचा साधारण २५०० किमीचा राजमार्ग, त्यावर ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने १११ मुक्काम सांगितलेत. सरकारी प्रवाशाकडे शिक्क्याचं पत्र असायचं, ते दाखवलं की ठाण्यावर माणशी साधारण दीड लिटर पीठ मिळायचं आणि त्याची नोंद मातीच्या पाटीवर करून हिशोब पर्सेपोलिस या राजधानीला जायचा, तशा हजारो पाट्या सापडल्यात! नाणी म्हणाल तर सोन्याचं दारिक होतं, त्यावर धनुष्यवाला राजा होता, पण ते चालायचं मुख्यतः पश्चिमेकडे, इराणात पगार बहुतेक धान्य आणि दारूत. मौर्यांचं उलट, कार्षापण हे चांदीचं नाणं जेमतेम साडेतीन ग्रॅमचं, त्यावर सूर्य, डोंगर असे शिक्के, राजाचं नाव नाही की चेहरा नाही. अशोकाने नाव दगडावर घातलं, त्याच्या तिसऱ्या शिलालेखात युक्त, रज्जुक, प्रादेशिक या अधिकाऱ्यांनी दर ५ वर्षांनी दौऱ्यावर जावं असा हुकूम आहे. आपल्या नालासोपाऱ्यालाही त्याच्या लेखाचे तुकडे मिळालेत, ते तरी मुलांना दाखवा.
– एक इतिहासप्रेमी वाचक