‘किंवा इतर’मध्ये अडकलेलं सोयाबीन

मा. विधि व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करतो. गेल्या दिवाळीच्या आसपास एक शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. रात्रीतून कालव्याचा भराव खचला आणि त्यांच्या तीन एकर सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी थांबलं. शेंगा झाडावरच काळ्या पडल्या. मदतीच्या नियमात लिहिलं होतं, ‘अतिवृष्टी, पूर, गारपीट, वीज पडणे किंवा इतर कारणामुळे पिकाचे नुकसान झाल्यास’. अर्जावर शेरा आला, ‘कालवा फुटणे ही नैसर्गिक आपत्ती नाही, सबब अर्ज निकाली.’

ते मला म्हणाले, “वकीलसाहेब, नियमात ‘नैसर्गिक’ हा शब्दच नाही. साहेबांनी तो आणला कुठून?”

शेजारून आणला, हे त्याचं उत्तर. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. कायद्यात याला नॉसिटर अ सोसिस म्हणतात: शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखायचा. त्याचाच एक नेमका प्रकार म्हणजे इजुस्डेम जेनेरिस. आधी विशिष्ट वस्तूंची यादी आणि तिच्या शेपटाला ‘इतर’ असेल, तर ‘इतर’ म्हणजे त्याच जातकुळीतलं इतर.

हे कधी लागू होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली अमरचंद्र चक्रवर्ती प्रकरणात सांगितलं. विशिष्ट शब्दांची यादी हवी. त्या शब्दांचा मिळून एक वर्ग बनायला हवा. यादीने तो वर्ग संपलेला नसावा. ‘इतर’सारखा सामान्य शब्द यादीनंतर यावा. आणि कायदा करणाऱ्याचा हेतू वेगळा असल्याची खूण नसावी. खरं भांडण जवळजवळ नेहमी दुसऱ्या अटीवर होतं. वर्ग कोणता?

मी आमचीच यादी समोर धरली. नुसती ‘अतिवृष्टी, पूर’ एवढीच असती, तर वर्ग ‘शेतात पाणी शिरणे’ असा मांडता आला असता आणि कालव्याचं पाणी निदान उंबऱ्यापर्यंत तरी आलं असतं. पण पुढे गारपीट आहे आणि वीज आहे. विजेचा पाण्याशी संबंध काय? या चौघांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे आभाळाचा कोप. माणसाने बांधलेला भराव त्यात बसत नाही. नियम लिहिणाऱ्याने ‘वीज’ घातली ती मदत वाढावी म्हणून, आणि त्याच शब्दाने ‘इतर’चं दार अरुंद केलं. म्हणून सांगतो, शेरा लिहिणाऱ्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांचं वाचन टिकण्यासारखं आहे.

शेजारचा शब्द किती ओढतो ते पाहायचं तर १९८१चं रेनबो स्टील्स प्रकरण पाहा. उत्तर प्रदेशच्या विक्रीकर अधिसूचनेत ‘जुनी, टाकाऊ, निकामी किंवा कालबाह्य यंत्रसामग्री’ असे शब्द होते. विकलं गेलं होतं ते औष्णिक वीज संयंत्र वापरलेलं, पण व्यवस्थित चालणारं. न्यायालय म्हणालं, बाकी तिघांच्या पंगतीत बसलेलं ‘जुनी’ म्हणजे नुसतं वयाने जुनं नव्हे, वापरातून बाद झालेलं. चालतं संयंत्र त्यात आलं नाही.

पण हा काही अटळ नियम नाही, अर्थ लावायचं साधन आहे. १९६० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातल्या कामगारांच्या प्रकरणात न्या. गजेंद्रगडकरांनी ते बाजूला ठेवलं. ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येत कायदेमंडळाने मुद्दामच व्यापक शब्द वापरले असतील, तर शेजाऱ्यांकडे बोट दाखवून त्यांना आखडता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. अडचण एवढीच की ‘मुद्दाम’ हे कागदावर दिसावं लागतं.

महोदय, मराठीत ते दाखवायची सोय आहे आणि आपले मसुदे ती वापरत नाहीत. ‘किंवा तत्सम कारण’ लिहिलं की वर्गाची मर्यादा शब्दांतच आली, वाद मिटला. ‘किंवा अन्य कोणतेही कारण, मग ते वरील कारणांसारखे असो वा नसो’ लिहिलं की मर्यादा गेली. सामान्य शब्द आधी घेऊन ‘कोणत्याही कारणाने, उदाहरणार्थ अतिवृष्टी, पूर’ असंही लिहिता येतं. तिथे चौथी अटच पुरी होत नाही. नुसतं ‘किंवा इतर’ मात्र दोन्हीकडचं नाही. (‘वगैरे’ आणि ‘इत्यादी’बद्दल तर बोलायलाच नको.) कालव्याच्या नुकसानीला सरकारने पैसे द्यावेत की नाही, हे धोरण आहे, ते आपण ठरवा. पण ठरवलं काय ते लिहा. आपल्या विभागाकडे तपासायला येणाऱ्या प्रत्येक मसुद्यात ‘किंवा इतर’ला लाल खूण करून संबंधित खात्याला ‘तत्सम की कोणतेही?’ एवढं विचारलं, तरी पुरे.

आमचं अपील दाखल आहे. भिस्त पाचव्या अटीवर आहे: नियमाच्या प्रस्तावनेत ‘शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरील कारणांमुळे’ असे शब्द आहेत, आणि वेगळ्या हेतूची खूण म्हणून मी तेच पुढे करणार आहे. अपील ऐकणारे साहेब ते मान्य करतीलच असं नाही. तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

आपला,
तालुका कोर्टातला एक वकील
जि. परभणी